टाकी धुणार १० ते ४, मग प्रेशर कमी कधीपासून? एका सोसायटीच्या पत्राची गोष्ट

पुण्यातली आमची सोसायटी म्हणजे एकच बिल्डिंग, ७ मजले, २८ फ्लॅट, साधारण १०० माणसं. मी कमिटीत आहे, हिशोब बघतो. टाक्या धुवायच्या ठरल्यावर सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर टाकायला पत्राचा मसुदा केला तो एवढाच होता: "गुरुवारी सकाळी १० ते ४ दोन्ही टाक्यांची सफाई असल्याने पाणी कमी दाबाने येईल, सर्वांनी सहकार्य करावे." अशी पत्रं सगळ्याच सोसायट्यांत निघतात आणि वाचायला काही चुकीचंही वाटत नाही. पण या एका ओळीतला वार चुकलेला होता, वेळ चुकलेली होती, आणि कमी दाबाने म्हणजे नक्की कोणाच्या घरी हे त्यात नव्हतंच.

आधी बिल्डिंगचं पाणी कसं फिरतं ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी ६ ते ९ येतं आणि खालच्या टाकीत पडतं. ही टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, पाणी २ मीटरपर्यंत, म्हणजे ४०,००० लिटर. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. वरच्या टाकीला मधे भिंत आहे, दोन कप्पे, प्रत्येकी ८,००० लिटर. प्रत्येक कप्प्याचा आउटलेट वेगळा, त्याला वेगळा व्हॉल्व्ह, मग दोन्ही गच्चीवरच्या एकाच आडव्या पाइपात येतात आणि त्या पाइपातून चार लाइनी खाली उतरतात. फ्लशचं पाणी बोअरचं, त्याची टाकी आणि लाइन पूर्ण वेगळी. हे शेवटचं वाक्य पत्रात असायलाच हवं होतं, कारण पाणी बंद म्हटलं की लोक सगळ्यात आधी संडासाचंच विचारतात.

काकांनी गुरुवार का निवडला तर त्यांचं म्हणणं, पुण्यात बऱ्याच गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंदच असतं, मग त्याच दिवशी टाकी धुऊन घेऊ, नाहीतरी पाणी येणार नाही. ऐकायला हुशारी वाटते पण कॉर्पोरेशनच्या त्या निवेदनात पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." म्हणजे गुरुवारी खालची टाकी कोरडी केली की शुक्रवारी दुपारपर्यंत आख्ख्या बिल्डिंगने फक्त वरच्या १६,००० लिटरवर काढायचं, आणि वरचीही त्याच दिवशी धुवायची तर तेही हातात नाही.

आमचा रोजचा वापर किती हे काढायला सोपं होतं. वरच्या कप्प्याचं माप आतून अडीच मीटर बाय २ मीटर, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर चढलं की ५० लिटर. बाकी सगळं बंद ठेवून एका कप्प्यात १० मिनिटं पंप चालवला तर पाणी ३० सेंटीमीटर चढलं, म्हणजे १,५०० लिटर, म्हणजे तासाला ९,०००. वॉचमन पंपाची वेळ वहीत लिहितो, रोजची बेरीज साधारण सव्वा तास येते, म्हणजे दिवसाला ११,००० लिटर धरा. आणि सकाळच्या तीन तासांत कॉर्पोरेशनकडून येतात अंदाजे १५,०००. (एवढं तर कुठलीही सोसायटी एका टेपने आणि घड्याळाने मोजू शकते, त्याला कन्सल्टंट लागत नाही.)

या दोन आकड्यांतला फरक बघा, रोज फक्त ४,००० लिटर उरतात. म्हणजे ४०,००० ची टाकी एकदा रिकामी केली की ती परत भरायला दहा दिवस जातात, एक रात्र नाही. त्यात खालच्या टाकीत फूटव्हॉल्व्हच्या खाली २५ सेंटीमीटर पाणी कायम राहतं, पंप ते उचलूच शकत नाही, तेच ५,००० लिटर झाले. गाळही तिथेच बसतो. रिकाम्या टाकीत पहिले ५,००० लिटर आले तरी ते आपल्या उपयोगाचे नाहीत, हे कोणी धरतच नाही.

मग कोणीतरी सुचवलं की मंगळवारी धुऊ, बुधवारी पाणी येईल. करून बघितला हिशोब. मंगळवारी १० वाजता वरची टाकी फुल, १६,०००. बुधवारी सकाळपर्यंत ७,००० जातात, उरले ९,०००. बुधवारी १५,००० आले, त्यातले ५,००० तळाशी अडकले, वापरायला १०,०००. एकूण १९,०००, आणि बुधवार-गुरुवारचा खर्च २२,०००. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी नळ कोरडे आणि शुक्रवारीही लवकर पाणी नाही, टँकर मागवावाच लागला असता.

उत्तर उलट बाजूला होतं. गुरुवार सफाईच्या नंतर यायला नको, आधी यायला हवा. टाकी धुवायची म्हणजे ती आधी रिकामी करायचीच आहे, आणि ३०-३५ हजार लिटर गटारात सोडण्यापेक्षा ते लोकांनीच वापरून संपवलेलं बरं. म्हणून मंगळवारी रात्री फुल टाकी करून कॉर्पोरेशनचा इनलेट बंद करायचा, बुध, गुरु, शुक्र तीन दिवसांत ३३,००० खर्च होणार, शनिवारी सकाळी खाली ७,००० उरणार, त्यातले २,००० वर चढवले की खाली फक्त तळचे ५,०००. गुरुवारी पाणी आलं नाही तरी फरक नाही, शुक्रवारी उशिरा आलं तरी फरक नाही, कारण आपण ते घेतच नाहीये. शनिवारी धुतलं की पुढच्या गुरुवारच्या आधी रवि, सोम, मंगळ, बुध असे चार दिवस भरायला मिळतात. परत तोच हिशोब: वरचे ९,००० अधिक चार दिवसांचे ६०,००० वजा तळचे ५,००० वजा चार दिवसांचा खर्च ४४,०००, गुरुवारी सकाळी हातात २०,०००. शुक्रवार दुपारपर्यंत आरामात.

आता गंमत अशी की खालची टाकी धुताना प्रेशरवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. लोकांना वाटतं खाली पाणी नाही म्हणजे नळाला नाही, पण नळाला पाणी वरून येतं, पंपातून नाही. शनिवार १० पासून रविवार सकाळपर्यंत पंप बंद, वरची पातळी १६० सेंटीमीटरवरून ९० पर्यंत उतरणार, बास. खरा कमी दाब वरची टाकी धुण्याच्या दिवशी, आणि दोन्ही एका दिवशी करायच्या नाहीत. खालची आधी, वरची नंतर, कारण खालचा गाळ ढवळला जातो आणि वरची आधी धुतली तर तोच गाळ पंपाने स्वच्छ टाकीत जातो. वरच्यासाठी मंगळवार ठरवला, तोपर्यंत खाली पुरेसं पाणी जमलेलं असतं.

आता दाब का कमी होतो आणि कोणाचा होतो ते बघू. दाब म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची, १० मीटरला साधारण १ किलो. आमच्या टाकीचा तळ गच्चीपासून मीटरभर वर आहे. ७व्या मजल्याच्या नळापासून टाकीच्या तळापर्यंत ३ मीटर, टाकी फुल असेल तर वर १.६ मीटर पाणी, मिळून ४.६ मीटर. टाकीत अर्धाच मीटर पाणी राहिलं तर साडेतीन मीटर, म्हणजे जवळपास पाव दाब गेला. पहिल्या मजल्यावर हेच २२.६ चं २१.५ होतं, शंभरातले ५ गेले, कोणाला कळणारही नाही. त्यात एक कप्पा बंद म्हणजे आख्खी बिल्डिंग एकाच आउटलेटवर, सकाळच्या घाईत त्या पाइपाच्या घर्षणातच मीटरभर दाब जाऊ शकतो, तो सगळा बसतो वरच्या दोन मजल्यांना. खालचे नळ फुल सोडून बसले तर वरचे आणखी उपाशी. म्हणून पत्रात "सर्वांनी सहकार्य करावे" लिहून उपयोग नाही, पहिल्या ते तिसऱ्या मजल्याला सांगावं लागतं की वॉशिंग मशीन या वेळात लावू नका, आणि ७व्याला सांगावं लागतं की गॅस गीझर पेटणार नाही, कारण त्याला चालू व्हायलाच ठराविक दाब लागतो. सातव्यावरच्या आजी दरवेळी गीझर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतात, बिचारा येतो, पाणी परत नीट आलेलं असतं, गीझर पेटतो, आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

वेळेचं काय. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलेली वेळ असते त्याच्या माणसांची, १०:३० ला येणार, पावणेचारला जाणार. दाब त्याच्या आधी पडतो आणि नंतर उठतो. कारण कप्पा १ मध्ये माणूस उतरवायचा तर तो रिकामा हवा, म्हणून सकाळी ८:३० ला कप्पा २ चा आउटलेट बंद करून लोकांना १ मधलंच पाणी वापरायला लावायचं. घाईची वेळ, एकच आउटलेट, आणि पातळी भराभर उतरतेय, दिवसातला सगळ्यात वाईट दाब इथेच, आणि तेव्हा सफाईवाला गेटवरही आलेला नसतो! १०:३० ला अदलाबदल, आता २ चालू, १ धुवायला. कप्पा २ मुद्दाम ६० सेंटीमीटरच भरलेला, म्हणजे ३,००० लिटर, कारण दुपारी तोही रिकामाच करायचा आहे आणि भर दुपारी तासाला ५०० लिटरच्या वर खर्च नाही. काका म्हणाले फुल भरा ना, दाब चांगला राहील. राहील, पण मग दुपारी ६,००० लिटर फेकावे लागतील. पाणी वाचवायचं की दाब, दोन्ही एकदम नाही होत. आम्ही पाणी निवडलं आणि पत्रात तसं लिहिलं.

पाऊणला कप्पा १ धुऊन तयार, ८,००० लिटर भरायला पंपाला ५३ मिनिटं, म्हणजे १:४० झाले. मग २ बंद, तो धुवायचा, पावणेचारला संपला, परत भरायला तास, दोन्ही व्हॉल्व्ह उघडायला पावणेपाच. थोडी सूट धरून ५. म्हणजे काम १०:३० ते ३:४५, कमी दाब ८:३० ते ५. पहिल्या मसुद्यात १० ते ४ होतं.

धुताना काय करतात ते थोडक्यात. उरलेलं पाणी आणि गाळ पंपाने काढायचा, भिंती जेटने मारायच्या, तळ पुसून-खेचून घ्यायचा, मग क्लोरीनचं पाणी भिंतींवर मारून अर्धा तास तसंच ठेवायचं, दोनदा साध्या पाण्याने धुवायचं आणि ते पाणी नळाला जाऊ न देता बाहेर काढायचं. अॅसिड नाही म्हणजे नाही, ब्लीचिंग पावडरशी अॅसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि टाकीत माणूस असतो. खालच्या टाकीत तर आणखी काळजी: दोन्ही झाकणं आधीच उघडून ठेवायची, ब्लोअरने हवा मारायची, वर एक माणूस दोर धरून कायम उभा, आणि पेट्रोलवर चालणारा पंप टाकीजवळ आणायचा नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला पाण्याच्या टाकीतच उतरलेले मजूर गुदमरून गेले, त्यामुळे "पाण्याची टाकी आहे, ड्रेनेज थोडंच आहे" हे बोलणं आम्ही ऐकूनच घेतलं नाही. काम झालं की पहिल्या मजल्याच्या किचनच्या नळाचं पाणी क्लोरोस्कोपमध्ये घ्यायचं, दोन थेंब टाकले की हलका पिवळा रंग आला पाहिजे, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. रंगच नाही आला तर क्लोरीन कमी, गडद पिवळा आला तर धुतलेलं पाणी नीट काढलेलं नाही.

शेवटी जे पत्र गेलं ते हे. पोस्टर लिफ्टमध्ये, ग्रुपवर आणि ज्यांच्याकडे फोन बघायला कोणी नाही त्यांच्या दारात, असं तीन ठिकाणी लावलं.

"सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. आपल्या दोन्ही टाक्यांची सफाई येत्या शनिवारी आणि मंगळवारी आहे. फ्लशचं पाणी बोअरचं असल्याने ते दोन्ही दिवस नेहमीसारखं राहील.

बुधवार ते शुक्रवार आपण खालच्या टाकीत नवीन पाणी घेत नाही आहोत, साठलेलं वापरून संपवतो आहोत. नळाला पाणी येतच राहील, पण गाडी धुणं आणि कुंड्यांना पाइप लावणं या तीन दिवसांत नको, हिशोब काटेकोर आहे.

शनिवारी खालची टाकी. नळाचा दाब जवळपास नेहमीसारखा. पंप रविवारी सकाळपर्यंत बंद राहील, म्हणून मोठे कपडे रविवारी धुवावेत.

मंगळवारी वरची टाकी. सकाळी ८:३० ते संध्याकाळी ५ दाब कमी. त्यातही ८:३० ते १०:३० सगळ्यात कमी, तेव्हा सहाव्या-सातव्या मजल्याने अंघोळी ८ च्या आत उरकाव्यात, गॅस गीझर या वेळात चालू होणार नाही, तो बिघडलेला नाही. पहिल्या ते तिसऱ्या मजल्याने वॉशिंग मशीन ५ नंतर लावावं, तुमच्याकडे पाणी नीट असलं तरी ते वरच्यांच्या वाट्याचं असतं. साठवणीचा इलेक्ट्रिक गीझर आणि आरओ ८ ला बंद करून ठेवा. प्यायला दोन हंडे आणि वापरायला एक बादली पुरे, पिंप भरू नका, सगळ्यांनी पिंपं भरली तर टाकी साडेआठलाच रिकामी होईल.

५ नंतर पहिला नळ बाथरूमचा सोडा, किचनचा नाही. दोन मिनिटं गढूळ किंवा फुसफुसत येईल. १० मिनिटांनीही तसंच येत असेल तर गेटवर सांगा, प्लंबर ७ पर्यंत थांबणार आहे."

पिंपांचं वाक्य प्लंबरने घालायला लावलं. तो म्हणाला साहेब, पाणी बंदची नोटीस लागली की त्या दिवशीच जास्त पाणी जातं. हिशोबाने खरंय, २८ घरांनी २०० लिटरचं एकेक पिंप भरलं तर ५,६०० लिटर, अर्ध्या दिवसाचा खर्च तासाभरात.

शनिवार बिनबोभाट गेला. तळच्या ५,००० लिटरपैकी वरचं बरं पाणी बागेला आणि पार्किंग धुवायला गेलं, खाली बोटभर काळपट गाळ निघाला. मंगळवारी एकच घोळ झाला. १०:३० च्या अदलाबदलीआधी कप्पा १ आउटलेटच्या तोंडापर्यंत उतरू दिला गेला, पाण्याला भोवरा पडला आणि आडव्या पाइपात हवा शिरली. संध्याकाळी सगळीकडे पाणी आलं पण ०१ च्या लाइनीवर सातव्याला नळ नुसता फुरफुरत होता आणि सहाव्याला धार करंगळीएवढी. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल तर धार बारीक पण सलग येते, हवा अडकली असेल तर थुंकल्यासारखी तुटक येते, प्लंबरने यावरूनच ओळखलं. गच्चीवर प्रत्येक लाइनीला हवा जायला एक उभा पाइप काढलेला असतो, ०१ च्या पाइपाच्या तोंडात कबुतर शिरू नये म्हणून कोणीतरी कधीतरी लाकडी खुंटी ठोकून ठेवलेली. ती पक्कडने उपटली, हवेचा आवाज झाला, आणि पाच मिनिटांत खालून आजींचा फोन आला की गीझर पेटला.

त्या तोंडाला आता जाळी बसवली आहे. पत्राच्या कॉपीवर काकांनी पुढच्या वेळेसाठी पेनाने दोन गोष्टी लिहून फाइलला लावल्यात: कप्पा बदलताना आउटलेटच्या वर निदान १५ सेंटीमीटर पाणी असतानाच व्हॉल्व्ह फिरवायचा, राहिलेलं सफाईवाल्याच्या पंपाने काढायचं, आणि आदल्या दिवशी चारही हवेचे पाइप बघून घ्यायचे. पहिल्या मजल्यावरच्या एका काकांनी मात्र एजीएमला विचारायचं ठरवलंय की वॉशिंग मशीन बंद ठेवायला फक्त खालच्यांनाच का सांगितलं.